जर्मन अ‍ॅबस्ट्रॅक्टमधलं 'म्हणे' आणि टेबलातले तीन मुद्दे

"मॅडम, मी एमए सायकॉलॉजी केलंय, जर्मन बी-वन झालंय. एका प्रोजेक्टमध्ये रिसर्च असिस्टंटच्या जागेसाठी टेस्ट आहे, एका तासात एक जर्मन अ‍ॅबस्ट्रॅक्ट इंग्लिशमध्ये करायचं आणि लिटरेचर रिव्ह्यूच्या टेबलसाठी त्यातून तीन मुद्दे काढायचे, डिक्शनरी चालते. मी घरी सराव केला, गाइडना दाखवला, त्या म्हणाल्या इंग्लिश छान आहे पण मुद्दे पेपरमधले नाहीतच. प्रत्येक शब्द बघून केलंय, मग चुकतंय कुठे? सरावाचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि माझं उत्तर सोबत जोडलंय."

तुझं उत्तर दोनदा वाचलं. गाइडचं बरोबर आहे, पण तुझं जर्मन कच्चं आहे म्हणून हे झालेलं नाही. तू शब्द बघितलेस आणि वाक्य कोणाच्या तोंडचं आहे ते बघायचं राहिलं. तू पाठवलेलं अ‍ॅबस्ट्रॅक्ट दुसऱ्याचं आहे म्हणून इथे देत नाही, त्याच घडणीचं, तू जिथे अडलीस ते शब्द तसेच ठेवून, पाच वाक्यांचं एक मी सरावासाठी रचलंय, त्यातले आकडेही माझेच, खरा पेपर म्हणून शोधू नकोस. विषय शाळेतल्या मुलांची झोप आणि परीक्षेची भीती.

पहिलं वाक्य मराठीत असं होईल: झोप जास्त असली की परीक्षेची भीती कमी होते, असं बऱ्याचदा धरलं जातं. परीक्षेची भीती म्हणजे 'प्र्यूफुंग्सआंग्स्ट', असे जोडशब्द शेवटून वाचायचे, शेवटचा तुकडा 'आंग्स्ट' म्हणजे भीती हा मुख्य आणि त्याच्या आधीचा तुकडा सांगतो कशाची. हे तुला येतंच. अडचण क्रियापदात आहे. 'कमी करते' यासाठी साधं रूप 'फेरमिंडर्ट', पण इथे लिहिलंय 'फेरमिंडेरे', शेवटचा ट गेला आणि ए आला, एवढाच फरक. या रूपाला कोन्युन्क्टिव एक म्हणतात आणि ते वापरलं की लेखक सांगत असतो की हे मी म्हणत नाहीये, दुसरे म्हणतात. आपल्याकडे त्यासाठी एक शब्द आहे, 'म्हणे'. झोप वाढली की भीती कमी होते म्हणे. आपल्या 'म्हणे'त कधी कधी संशयाचा सूर येतो तसा जर्मनमध्ये असेलच असं नाही, पण जबाबदारी झटकण्याचं काम तेच. इंग्लिशमध्ये क्रियापदाचं असं वेगळं रूप नाही, त्यामुळे तिथे 'इट इज ऑफन अझ्यूम्ड दॅट' हे शब्दांनीच लिहावं लागतं आणि ते गाळलं की दुसऱ्यांची समजूत या लेखकाचा निष्कर्ष होऊन बसते. तू नेमकं हेच केलंस, तुझ्या टेबलातला पहिला मुद्दा हा आधीच्या लोकांची समजूत आहे, या अभ्यासात सापडलेली गोष्ट नाहीच. गाइड 'पेपरमधले नाहीतच' म्हणाल्या ते यावरूनच.

दुसरं वाक्य उद्देशाचं आहे, हा संबंध गिम्नाझियुममधल्या मुलांमध्ये तपासायचा होता. यात दोन शब्द फसवतात. 'फोरलीगेंड' मध्ये 'फोर' दिसला की आधीचा असं वाटतं आणि तू 'प्रीव्हियस स्टडी' लिहिलंस, पण त्याचा अर्थ समोर असलेला, म्हणजे 'द प्रेझेंट स्टडी', हाच अभ्यास. एका शब्दाने सगळा अभ्यासच भूतकाळात गेला बघ. दुसरा शब्द गिम्नाझियुम, त्याचा व्यायामशाळेशी काही संबंध नाही, ती युनिव्हर्सिटीकडे नेणारी माध्यमिक शाळा, 'अकॅडेमिक-ट्रॅक सेकंडरी स्कूल' लिही. नुसतं 'स्कूल' लिहू नकोस कारण तिथे वेगवेगळ्या प्रकारच्या शाळा असतात आणि गिम्नाझियुममध्ये निवडक मुलं जातात, म्हणजे या निकालाला सगळ्या मुलांचा निकाल म्हणता येत नाही. टेबल वाचणाऱ्याला हे कळायला हवं.

तिसरं वाक्य पद्धतीचं: नववी-दहावीच्या १.२४८ 'श्यूलर'ना प्रश्नावली देऊन 'आइनमालिश' विचारलं. जर्मनमध्ये हजाराला टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम, आपल्या आणि इंग्लिशच्या बरोबर उलट, तेव्हा हे १,२४८ विद्यार्थी. तू टिंब तसंच ठेवलंस, इंग्लिशमध्ये ते एक पूर्णांक काहीतरी झालं. 'श्यूलर' म्हणजे शाळेतलं मूल, 'श्टुडेंट' म्हणजे कॉलेज-युनिव्हर्सिटीतला, जर्मन हा फरक पाळतं, त्यामुळे इथे 'प्युपिल्स' किंवा 'स्कूल स्टुडंट्स'. आणि 'आइनमालिश' ला डिक्शनरीत 'युनीक' पण सापडेल, तू तोच अर्थ उचललास, पण इथे अर्थ एकदाच. तुला छोटा वाटला असेल हा शब्द, पण एकदाच विचारलं म्हणजे क्रॉस-सेक्शनल अभ्यास आणि त्यावरून कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही.

आता चौथं, ज्यावर टेस्ट जिंकते किंवा हरते ते वाक्य. त्याच्या पहिल्या भागाची रचना अशी: भीती 'नाम' (म्हणजे घेतली), मग 'त्सूनेमेंडर' झोपेबरोबर, मग मुलींमध्ये, मग 'गेरिंगफ्यूगिश', आणि सगळ्यात शेवटी एकटा पडलेला 'आब'. जर्मनमध्ये 'नेमेन' ला 'त्सू' लागला की वाढणं आणि 'आब' लागला की कमी होणं, आणि हा तुकडा क्रियापदापासून तुटून वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. मधल्या 'त्सूनेमेंडर' मध्ये वाढण्याचा 'त्सू' आहे, पण तो झोपेचा आहे, भीतीचा नाही! डोळा त्यावर अडकतो आणि माणूस भीती वाढली असं लिहून मोकळा होतो. आपल्याला खरं तर सोपं जायला हवं, मराठीत क्रियापद शेवटीच येतं, आपण शेवटपर्यंत थांबून ऐकतोच. घोळ होतो तो वाचता वाचता इंग्लिश करायला घेतलं की, कारण इंग्लिशला क्रियापद लवकर लागतं. म्हणून आधी पूर्णविरामापर्यंत जा, टोकाचा तुकडा उचलून मुख्य क्रियापदाला जोड, मगच पेन उचल. झालं वाक्य: झोप जशी जास्त तशी मुलींमध्ये भीती किंचित कमी, r = -0,14, p < 0,001. इंग्लिशमध्ये r = -0.14 आणि p < 0.001. 'गेरिंगफ्यूगिश' म्हणजे किंचित, तो गाळायचा नाही. p इतका लहान बघून तू 'स्ट्राँग रिलेशन' लिहिलंस, पण p सांगतो की नुसत्या योगायोगाने असं दिसणं किती अवघड आहे, संबंध किती घट्ट आहे ते r सांगतो आणि -0.14 हा कमकुवत संबंध आहे, शेकड्याने मुलं असली की एवढासा संबंधही सिग्निफिकंट येतो.

त्याच वाक्याचा उरलेला भाग: मुलांमध्ये मात्र सिग्निफिकंट संबंध 'नाखगेवीझन' करता आला नाही, म्हणजे सिद्ध करून दाखवता आला नाही. तू लिहिलंस मुलांमध्ये संबंध नाही. सापडला नाही आणि नाही यात अंतर आहे, पाकीट सापडलं नाही म्हणजे ते घरात नाहीच असं थोडंच. 'नो सिग्निफिकंट असोसिएशन कुड बी डेमॉन्स्ट्रेटेड' असं ठेव, जरा लांब वाटलं तरी.

पाचवं छोटं: कारण-परिणामाचा संबंध आहे का हा प्रश्न 'ब्लाइब्ट ऑफन', उघडाच राहतो. हे तू बरोबर केलंस.

आता मुद्दे. भाषांतर आणि मुद्दे ही दोन वेगळी कामं आहेत, भाषांतरात लेखकाचं सगळं यायला हवं, मुद्द्यात फक्त तेवढंच जे शेजारच्या ओळीतल्या दुसऱ्या पेपरशी ताडून बघता येईल. त्यामुळे पाच वाक्यांतली तीन 'महत्त्वाची' वाक्यं उचलणं हा मार्गच नाही. माझ्या मते अशा सर्वे अभ्यासासाठी तीन घरं पुरतात: कोणाला आणि कसं विचारलं, काय सापडलं, आणि त्यावरून काय म्हणता येत नाही. आपल्या नमुन्याचं असं होईल:

पहिला: गिम्नाझियुममधले नववी-दहावीचे १,२४८ विद्यार्थी, प्रश्नावली, एकदाच.
दुसरा: मुलींमध्ये जास्त झोपेबरोबर परीक्षेची भीती किंचित कमी, r = -0.14, मुलांमध्ये सिग्निफिकंट संबंध दाखवता आला नाही.
तिसरा: क्रॉस-सेक्शनल असल्याने कारण सांगता येत नाही, लेखकही प्रश्न उघडा ठेवतात, शाळेचा एकच प्रकार.

बघ, पहिल्या वाक्यातली समजूत यात कुठेच नाही. टेस्टच्या कच्च्या कागदावर प्रत्येक मुद्द्यापुढे वाक्याचा नंबर लिही, पहिल्यापुढे २ आणि ३, दुसऱ्यापुढे ४, तिसऱ्यापुढे ५, ३ आणि २. ज्या मुद्द्याला नंबर देता येत नाही तो तुझ्या डोक्यातून आलाय, खोड. 'शाळेचा एकच प्रकार' ही मर्यादा लेखकाने सांगितलेली नाही, ती दुसऱ्या वाक्यावरून तू काढलीस, तर तिच्यापुढे 'रिव्ह्यूअरची नोंद' असं लिही म्हणजे लेखकाच्या तोंडी जाणार नाही. भीती कोणत्या स्केलने मोजली हे अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये नाही, त्याचं घर असेल तर रिकामं सोडू नकोस, 'नॉट रिपोर्टेड इन अ‍ॅबस्ट्रॅक्ट' लिही, रिकामं घर बघून तपासणाऱ्याला वाटतं तू विसरलीस.

जागा मिळाल्यावर खऱ्या कामात अजून एक: जर्मन जर्नल्स बऱ्याचदा स्वतःच इंग्लिश अ‍ॅबस्ट्रॅक्ट छापतात, आधी ते शोध, असेल तर तेच वापर आणि जर्मनशी ताडून बघ, कधी कधी ते आखूड केलेलं असतं आणि 'किंचित' सारखे शब्द त्यातच गळतात. नसेल तर तुझं भाषांतर अवतरण चिन्हात टाकू नकोस, ते लेखकाचे शब्द नाहीत. रेफरन्समध्ये एपीए पद्धतीने शीर्षक मूळ जर्मनमध्ये आणि त्यापुढे चौकोनी कंसात इंग्लिश, जर्नलचं नाव मात्र भाषांतरित करायचं नाही.

तासाचं गणित मी असं करीन. पहिली दहा मिनिटं फक्त वाचायचं, कोन्युन्क्टिवची क्रियापदं आणि टोकाला पडलेले तुकडे पेन्सिलने गोल करायचे, डिक्शनरी उघडायची नाही. मग तीस मिनिटं भाषांतर, पंधरा मिनिटं मुद्दे, आणि शेवटची पाच फक्त आकड्यांसाठी, टिंब कुठे आणि स्वल्पविराम कुठे. तुझं सरावाचं अ‍ॅबस्ट्रॅक्ट याच पद्धतीने परत कर, जुनं उत्तर न बघता, आणि वाक्यांच्या नंबरांसकट मला पाठव, मी तपासून देते.