ड्यू डिलिजन्समध्ये सापडलं म्हणून भाव पाडता येतो का?

प्रश्न: छोटा व्यवसाय विकत घेतोय. एलओआयवर, म्हणजे खरेदीच्या इराद्याच्या पत्रावर, सह्या झाल्यात, तपासणीत बरंच काही सापडलंय. किंमत किती कमी मागू? विकणारा म्हणतो, ठरलं ते ठरलं.

"किती कमी मागू" इथूनच गाडी चुकीच्या रुळावर जाते. दलाल मंडळी याला ठरलेलं उत्तर देतात: सापडेल ते सगळं यादीत घाला, वीस टक्के मागा, दहावर तुटेल. माझं या सल्ल्याशी जुनं वैर आहे. यादी जितकी लांब, तितका विकणाऱ्याचा समज पक्का होतो की याला पहिल्यापासून भाव पाडायचाच होता. मग यादीतला जो एक मुद्दा खरोखर वजनदार असतो, तोही बाकीच्या किरकोळीत वाहून जातो.

आधी एलओआय काढून वाचा. त्यात नुसता किंमतीचा आकडा आहे, की तो आकडा कशावरून आला हेही लिहिलंय? "वार्षिक नफा अमुक, त्याच्या इतक्या पट, कर्ज आणि रोकड विकणाऱ्याकडे, खेळतं भांडवल नेहमीच्या पातळीवर" असं वाक्य असेल तर तुमचं निम्मं काम झालंय. तुम्ही ठरलेलं मोडत नाही, ठरलेल्या सूत्रात खरा नफा घालून दाखवताय. असं वाक्य नसेल तर ताकद फक्त उठून जाण्याची, आणि ती एकदाच वापरता येते.

एक व्यवहार उलगडून सांगतो, कारण यात जवळजवळ सगळं येतं. कारखान्यांतल्या एअर कॉम्प्रेसरची देखभाल करणारा व्यवसाय. उत्पन्न मुख्यतः वार्षिक देखभाल करारांचं, जोडीला फिल्टर, ऑइल, सेपरेटर यांची विक्री. दाखवलेला नफा ४०, साडेतीन पट, किंमत १४०. (चलन कुठलंही धरा, प्रमाण महत्त्वाचं.)

वह्या नीटनेटक्या होत्या. गोम सापडली ती बँक स्टेटमेंट आणि विक्री समोरासमोर ठेवल्यावर. चोवीस महिन्यांच्या जमा रकमा महिन्यावार मांडायच्या, त्यातून कर्जाचे हप्ते, मालकाने घातलेले पैसे, कर परतावे बाजूला काढायचे, आणि उरलेलं बिलांशी ताडायचं. या धंद्यात गिऱ्हाईक बिल मिळाल्यावर महिना-दीड महिन्याने पैसे देत होतं. वर्षाच्या शेवटच्या दोन महिन्यांत मात्र पैसे त्याच आठवड्यात, कुठे कुठे बिलाच्या आधीच आले होते. गिऱ्हाईक एकाएकी इतकं तत्पर का झालं? वीस बिलं काढून खालची "सेवा कालावधी" ही ओळ वाचली. तारीख चालू वर्षाची, सेवा पुढच्या वर्षाची. मालकाने दहा टक्के सूट देऊन पुढच्या वर्षाचे पैसे आगाऊ गोळा केले होते आणि सगळे याच वर्षाच्या विक्रीत धरले होते. यात लबाडी असेलच असं नाही. पैसे आले की विक्री, असा हिशेब कितीतरी छोट्या धंद्यांत वर्षानुवर्षं चालतो.

आता हिशेब. पुढच्या वर्षाची म्हणून काढलेली रक्कम ९. पण आदल्या वर्षीही असंच थोडं झालं होतं. त्यातले ३ तेव्हाच्या विक्रीत गेले होते, त्याची सेवा मात्र या वर्षी दिली गेली. म्हणजे या वर्षातून ९ वजा आणि ३ जमा, फुगवटा ६. हे ३ विसरलात तर विकणाऱ्याचा अकाउंटंट ते पाच मिनिटांत काढेल आणि तुमचे पुढचे सगळे आकडे संशयाखाली जातील. खर्च बदलत नाही, कारण या वर्षी केलेल्या कामाचा खर्च आधीच वहीत आहे. तेव्हा नफाही ६ नेच घटतो. ४० चा झाला ३४.

त्याच तपासणीत एका जुन्या दाव्याची वकील-फी दिसली, १. पुन्हा येणारा खर्च नव्हे, म्हणून तो नफ्यात परत मिळवायचा: ३५. हा विकणाऱ्याच्या बाजूचा मुद्दा तुम्ही स्वतःहून लिहायचा. हा चांगुलपणा नाही. आपण दोन्ही बाजूंनी हिशेब केलाय, हे समोरच्याला पटवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. ३५ च्या साडेतीन पट म्हणजे १२२.५. किंमत १७.५ ने उतरली आणि पटीला हातही लागला नाही. पटही खाली ओढायचा मोह होतो, तो आवरा. नफाही घटवायचा आणि पटही, म्हणजे एकाच दुखण्याची फी दोनदा घेणं.

शिवाय ते ९ विकणाऱ्याने खिशात घातले आहेत आणि त्या कामाचा भार तुमच्यावर येणार आहे. मेकॅनिक तुमचा, गाडी तुमची, फिल्टर तुमचा. हे देणं कर्जासारखंच आहे, पण याला पट लागत नाही, जितक्यास तितकं वजा होतं. वाद रकमेवर होतो: तुम्ही म्हणाल पूर्ण ९, विकणारा म्हणेल काम करायचा प्रत्यक्ष खर्च तेवढाच द्यायचा, तो ५. माझ्या मते ९ वर अडून बसू नका, ५ घ्या. त्यातला नफा कमवायचं काम तुम्ही करणार हे खरं, पण या दोन-चार आकड्यांसाठी पहिल्या मुद्द्याची ताकद घालवू नका. आता ११७.५.

विकणारा इथे हमखास ओरडतो की एकाच गोष्टीचे पैसे दोनदा कापताय. तसं नाही. पहिली कपात धंदा दर वर्षी किती कमावतो याची आहे. दुसरी, अजून व्हायच्या कामाचे पैसे आधीच निघून गेले याची. पण एक सावधगिरी: खेळत्या भांडवलाची नेहमीची पातळी ठरवताना ही आगाऊ रक्कम देणं म्हणून आधीच धरली असेल, तर ५ पुन्हा मागता येत नाहीत. तेव्हा मात्र त्याचं ओरडणं रास्त आहे.

बाकी काय काय सापडलं होतं? मालकाची बायको बिनपगारी हिशेब पाहते. चारपैकी दोन गाड्या म्हाताऱ्या. रॅकवर बंद पडलेल्या मॉडेलांचे सेपरेटर धूळ खात. यातल्या पहिल्या दोन गोष्टी एलओआयच्या आधीच्या भेटीतच समजल्या होत्या: बाई समोर बसून चहा देत होत्या आणि गाड्या दारात उभ्या होत्या. जे माहीत असताना किंमत दिली, ते नंतर "सापडलं" म्हणता येत नाही. मागणीतून दोन्ही वगळले. धूळ खाणारा माल खेळत्या भांडवलाच्या हिशेबात गेला, हस्तांतराच्या दिवशी मोजणी करून. त्यासाठी किंमत उघडायची गरज नव्हती.

आणि एक मोठी गोष्ट, जिथे बहुतेक जण चुकतात. एकच गिऱ्हाईक विक्रीच्या ३० टक्के. त्याचा करार सात महिन्यांत संपणार, शिवाय मालकी बदलली तर त्याची लेखी संमती लागेल असं कलम. याचे किती कापायचे? काहीच नाही. ते गिऱ्हाईक राहील किंवा जाईल, आज कुणालाच ठाऊक नाही. कापलेत आणि ते राहिलं तर विकणाऱ्यावर अन्याय. नाही कापलेत आणि गेलं तर तुम्ही बुडालात. अशा अनिश्चित गोष्टीला किंमत नव्हे, अटी लागतात. संमतीपत्र आल्याशिवाय हस्तांतर नाही, आणि ११७.५ पैकी १५ करार नूतनीकरण झाल्यावर. हस्तांतराच्या दिवशी १०२.५. जुनी करदेणी, कामगारांची थकबाकी निघण्याची शक्यता, हेही याच खात्यातलं: काही रक्कम एस्क्रोत, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यात, ठरावीक मुदतीपर्यंत, आणि करारात नुकसानभरपाईचं कलम. विकणाऱ्याला "तुमचं म्हणणं खरं असेल तर हे पैसे तुमचेच" असं सांगता येतं, आणि तो खरं बोलत असेल तर त्याला नाही म्हणणं जड जातं.

पद्धतीबद्दल. आकडा पाठवण्याआधी त्याच्या अकाउंटंटला फोन करा आणि एवढंच विचारा: "ही बिलं आम्ही अशी वाचतोय, बरोबर आहे का?" चूक तुमची असेल तर इथेच कळते. त्याने होकार दिला, तर मालकाला पहिल्यांदा वाईट बातमी त्याच्याच माणसाकडून कळते. मग एक पान. शोध, कागदाचा संदर्भ, हिशेब, मागणी. एकदाच. दर आठवड्याला नवा मुद्दा नेलात तर तिसऱ्या खेपेला दार बंद. आणि मुद्दा पक्का झाला की दोन-तीन दिवसांत सांगा. सह्यांच्या आदल्या दिवसापर्यंत दाबून ठेवायचा, तोवर त्याने नोकरांना सांगितलेलं असेल, मग तो कुठे जातोय, ही चाल दलाल फार अभिमानाने शिकवतात. चालतेही कधी कधी. पण त्यानंतर तोच माणूस तीन महिने तुम्हाला गिऱ्हाईकांच्या ओळखी करून देणार असतो, आणि कोणाची ओळख करून द्यायला विसरायचं हे त्याला छान कळतं.

"ठरलं ते ठरलं" याला उत्तर: पट ठरला होता, तो तसाच आहे. बँकेचं कर्ज घेत असाल तर हेही सांगा की बँक कर्ज बसवते ते धंद्याच्या खऱ्या कमाईवर. ३५ चा नफा बघून ती ४० चं कर्ज देणार नाही. हा युक्तिवाद खोटा वापरू नका, तो बँकेचं पत्र मागेल.

हे सगळं नफ्याच्या पटीवर ठरलेल्या किंमतीला लागू. यंत्रं आणि जागेच्या किंमतीवर सौदा असेल तर गणित वेगळं. कंपनीचे शेअर्स न घेता फक्त मालमत्ता घेत असाल तर बरीचशी जुनी देणी तुमच्याकडे येतही नाहीत, मात्र कोणती येतात हे तुमच्याकडच्या कायद्यावर आहे. एलओआयचा कुठला भाग बंधनकारक, हेही पान पाठवण्याआधी वकिलाला विचारा, नंतर नाही. आणि रांगेत दुसरा खरेदीदार उभा असेल तर हिशेब कितीही बरोबर असला तरी विकणारा ऐकेलच असं नाही. तेव्हा पान पाठवण्याआधी, कितीच्या वर आपण घेणार नाही तो आकडा स्वतःपुरता लिहून ठेवा. दलालाला दाखवू नका.