फिजिओ, ऑप्टोमेट्री की ओटी? आमच्या आप्पांच्या ताटावरून सांगते

प्रश्न: बारावी सायन्स झालं, पीसीबी. एमबीबीएसला लागेल एवढा नीटचा स्कोअर नाही. फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री आणि ऑक्युपेशनल थेरपी यातलं काय घेऊ? मी भुसावळचा आहे.

मी स्वतः ओटी आहे, यावलकडची, शिकले मुंबईत, त्यामुळे उत्तर थोडं ओटीकडे झुकेल हे आधीच सांगून टाकते. माहितीपत्रकं वाचली की तिन्ही कोर्स सारखेच वाटतात. मला खरा फरक कळला तो आमच्या आप्पांना लकवा मारला तेव्हा, मी तिसऱ्या वर्षाला होते.

आप्पा म्हणजे माझे मोठे काका, केळीच्या बागेतला माणूस, वजन ऐंशीच्या वर. दवाखान्यातून घरी आले ते डावा हात-पाय लुळा घेऊनच. फिजिओवाला दादा रोज यायचा. खाटेच्या कडेला बसवणं, मग उभं करणं, उभं केल्यावर मुद्दाम डाव्या पायावर वजन द्यायला लावणं, गुडघा मुडपला की स्वतःच्या गुडघ्याने टेकू देणं. पाऊल खाली लोंबायचं, अंगठा जमिनीला घासायचा, म्हणून पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकचा स्प्लिंट बसवला. आणि घरच्यांना एक गोष्ट चार वेळा बजावली, उठवताना डावा हात ओढू नका, खांदा निसटतो. हेच रोज, पाऊण तास, कित्येक महिने. फिजिओ घ्यायचं असेल तर हे डोळ्यासमोर आण, कारण यात अंगमेहनत आहे आणि तेच तेच करायचा पेशन्स लागतो. पेशंटला फरक दिसायला वेळ लागतो आणि तोवर तो तुझ्यावरच चिडतो.

आता ताटाची गोष्ट. काकू म्हणायची आप्पांचं जेवण गेलं, अर्धी भाजी तशीच टाकतात. मी सुट्टीत घरी आले तर दिसलं की टाकलेली भाजी कायम ताटाच्या डाव्या बाजूची, उजवी बाजू एकदम साफ. ताट फिरवून ठेवलं की उरलेलं पण खायचे! मला वाटलं डाव्या बाजूचं दिसतच नसेल, तसंही लकव्यात होतं. म्हणून जळगावला एका ऑप्टोमेट्रिस्टकडे नेलं. तिने समोर बसून आधी एकेका बाजूला बोटं दाखवली, डावीकडची पण बरोबर ओळखली. मग दोन्ही बाजूंना एकदम दाखवली तर आप्पा फक्त उजवीकडचीच सांगायचे. म्हणजे डोळ्याला दिसत होतं पण उजवीकडे काही असलं की मेंदू डावीकडची दखलच घेत नव्हता, याला निग्लेक्ट म्हणतात. तिने चष्म्याचा नंबर पण तपासला, तो बदलला होता. मोतीबिंदूची शंका आली म्हणून पुढे डॉक्टरांकडे पाठवलं, कारण ऑपरेशन ऑप्टोमेट्रिस्ट करत नाही.

आणि मग माझं काम. ताटाच्या डाव्या काठाला लाल चिकटपट्टी लावली, जेवताना नजर आधी त्या पट्टीवर न्यायची आणि तिथून उजवीकडे यायचं. ताट सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. सदरा घालताना आधी लुळा हात, काढताना तो शेवटी. हे सगळं ऐकायला किरकोळ वाटतं, घरचे पण म्हणायचे यासाठी एवढं शिकायला मुंबईला गेली का. पण आप्पा स्वतःच्या हाताने जेवायला लागले ते यानेच.

तुझ्यासाठी एवढंच बघ. ऑप्टोमेट्री म्हणजे फिजिक्समधलं प्रकाशाचं प्रकरण रोज जगायचं. रेटिनोस्कोपने पेशंटपासून 66 सेंटीमीटरवर बसून नंबर काढला तर त्यातून दीड वजा करायचा, कारण तेवढं तुझ्या अंतराचं आहे. हे का, याचं कुतूहल वाटत असेल तर तुला जमेल. अंगमेहनत कमी, पण चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली तर फ्रेम विकायला लावतात, माझ्या मैत्रिणीचं तेच झालं, वर्षभरात सोडलं. म्हणून इंटर्नशिप डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात होते का ते आधी विचार.

ओटीचं उलट आहे. आपल्याकडे नावच कोणाला माहीत नाही, मला आजही लोक ऑपरेशन थिएटरवाली समजतात. काम पुष्कळसं लहान मुलांचं, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, आणि ते जास्त करून मोठ्या शहरात. सरकारी-पालिकेच्या जागा मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरचं जीएमसी इथे आहेत, म्हणजे भुसावळहून घर सोडावंच लागेल. फिजिओ जळगावात राहूनही होतं. या दोन्हींना नीट लागतेच आणि प्रवेश सीईटी सेलच्या फेऱ्यांमधून होतो, त्यामुळे स्कोअर कमी आहे म्हणून फॉर्म भरायचा सोडू नको.

घर सोडायची तयारी नसेल तर फिजिओ घे. असेल तर कॉलेजचे पर्याय भरायच्या आधी एखाद्या ओटीकडे एक सकाळ बसून ये, एखाद्या पोराला शर्टाचं एक बटण लावायला शिकवताना अर्धा तास जातो तो बघ. कंटाळा आला तर ओटी घेऊ नको.