पातेगळ थांबली ती टॉनिकनंच का? चूक ओळखायच्या प्रश्नांबद्दल

"सर, मी दारव्हा तालुक्यातली, बारावीला आहे, लॉच्या प्रवेशासाठी क्लॅट देणार आहे. लॉजिकल रीझनिंगमध्ये 'या युक्तिवादात काय चूक आहे' असा प्रश्न आला की दोन पर्याय तरी मला बरोबरच वाटतात आणि मी नेमका चुकीचा निवडते. चुकांच्या चाळीस नावांची लिस्ट पाठ केली तरी तेच. आता काय करू?"

बेटा, लिस्ट आता बाजूला ठेव. क्लॅटमध्ये उतारा वाचून उत्तर द्यायचं असतं, आणि असल्या प्रश्नात पर्यायात बहुतेक वेळा त्या चुकेचं नाव नसतंच, युक्तिवादानं काय केलं त्याचं साधं वर्णन असतं. त्यामुळे नाव येऊनही वर्णन ओळखता आलं नाही तर मार्क जातोच.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ, कापसाच्या पातेगळीचं, म्हणजे फुलायच्या आधीच कळ्या गळून पडतात त्याचं. एक कास्तकार म्हणतो, "माझ्या पऱ्हाटीची पातेगळ चालू होती, मी टॉनिक मारलं, आठ दिवसांत गळ थांबली, म्हणजे टॉनिकनंच थांबली." पर्याय असे आहेत. अ, एका वावरावरून सगळ्या वावरांबद्दल बोलतो. ब, एक गोष्ट दुसरीच्या नंतर झाली एवढ्यावरून पहिलीमुळेच दुसरी झाली असं धरतो. क, टॉनिकच्या खर्चाचा विचार करत नाही. ड, विरोधकाच्या मुद्द्याऐवजी त्याच्या स्वभावावर बोलतो.

तू बहुतेक अ आणि ब मध्ये अडकशील. म्हणून पर्याय बघायच्या आधी निष्कर्ष शोधायचा, 'म्हणजे', 'म्हणून', 'त्यामुळे' याच्या पुढे तो बहुतेक सापडतो. इथं निष्कर्ष एवढाच की याच्या वावरातली गळ टॉनिकनं थांबली. बाकी सगळं, टॉनिक मारलं, आठ दिवसांत गळ थांबली, हे खरंच धरून चालायचं, त्यावर भांडायचं नाही. मग स्वतःला विचारायचं की हे सगळं खरं असूनही निष्कर्ष खोटा कसा पडू शकतो? तुझ्या घरी कापूस असेल तर उत्तर लगेच येईल, सतत पाऊस लागला, वावरात पाणी साचलं की पाते गळतात आणि उघाड पडली, वाफसा आला की गळ आपोआप कमी होते, मग त्याच आठ दिवसांत उघाड पडली असेल तर? हे तुझ्या शब्दात, मराठीतच, रफ पेपरवर एका ओळीत लिही, "उघाडीनं पण थांबली असेल". आणि मगच पर्याय वाच. सरळ ब.

आता अ का नाही ते नीट बघ, कारण मार्क इथंच जातात. वावर एकच आहे हे खरं, पण माणूस बोलतोय ते पण त्या एकाच वावराबद्दल! सगळ्या तालुक्याबद्दल तो काही म्हणालाच नाही, मग अ मध्ये सांगितलेली चूक त्यानं केलीच नाही. क चं वेगळं आहे, खर्चाचा विचार त्यानं खरंच केला नाही, पण निष्कर्ष खर्चाबद्दल नाही, त्यामुळे तो पर्याय खरा असूनही उत्तर होत नाही. म्हणून प्रत्येक पर्यायाला दोन प्रश्न विचारायचे, यानं असं केलं का? आणि केलं असेल तर निष्कर्ष त्यामुळेच लंगडा पडतो का? दोन्हीला हो आलं तरच टिक.

आता हेच उदाहरण थोडं बदलू. कास्तकारानं अर्ध्या वावरात टॉनिक मारलं, अर्धं तसंच सोडलं, जमीन तीच, पाऊस तोच, आणि मारलेल्या बाजूचीच गळ थांबली. मग तो म्हणाला, "म्हणून अख्ख्या विदर्भात कुठंही हे टॉनिक मारलं की गळ थांबतेच." आता उघाडीचं कारण चालत नाही, ती दोन्ही बाजूंना सारखीच होती, म्हणजे ब पडला. पण निष्कर्ष एका वावरावरून विदर्भभर गेला, कुठं काळी भारी जमीन, कुठं हलकी मुरमाड, कुठं ओलित, कुठं कोरडवाहू. आता उत्तर अ. टॉनिक तेच, पातेगळ तीच, निष्कर्ष किती लांब गेला त्यावर उत्तर फिरलं. विषय ओळखीचा दिसला म्हणून मागच्या वेळचंच उत्तर लावायला जाशील तर फसशील.

आणखी एक. "पण सर, टॉनिकनं खरंच फरक पडतो, आमच्या बाबांनी पाहिलंय" असं तुला वाटेल. पडत असेलही. प्रश्न निष्कर्ष खरा की खोटा हा नाहीच, दिलेल्या कारणातून तो निघतो का एवढाच आहे. निष्कर्ष खरा असून युक्तिवाद चुकीचा असू शकतो.

आता चुकलेले प्रश्न परत काढ आणि प्रत्येकाच्या खाली फक्त निष्कर्ष तुझ्या शब्दात लिही, नंतर उताऱ्याशी ताडून बघ. मला वाटतं बऱ्याच ठिकाणी तू लिहिलेला निष्कर्ष उताऱ्यातल्यापेक्षा मोठा निघेल, 'काही' चं 'सगळे' झालेलं असेल, 'असू शकतं' चं 'आहेच'. तसे दहा-बारा प्रश्न लिहून फोटो पाठव, कुठं घसरतेस ते बघून सांगतो.