हिमॅटोक्रिट ५८: रक्त दाट झालं की नेमकं काय बिघडतं?

"वडिलांचा हिमॅटोक्रिट ५८ आलाय. तांबड्या पेशी जास्त म्हणजे ऑक्सिजनही जास्त ना? मग हृदयावर ताण कसा?"

एका मर्यादेपर्यंतच. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के; पुरुषांत साधारण ४० ते ५० टक्के ठीक. त्यापुढे दाटपणा आकड्याच्या मानाने फारच झपाट्याने चढतो. शिरेची रुंदी तीच असताना दाटपणा दुप्पट झाला, तर तेवढंच रक्त ढकलायला दुप्पट दाब लागतो. हृदय तेवढा जोर कायम लावू शकत नाही, प्रवाह मंदावतो. मग प्रत्येक थेंबात ऑक्सिजन जास्त असूनही मिनिटाला पोचतो कमीच.

खरी पंचाईत केशवाहिन्यांपुढच्या बारीक शिरांत. तिथे वेग मुळातच कमी, त्यामुळे पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि रक्त आणखी दाटतं. डोकं जड होणं, धूसर दिसणं, गुठळी होणं, हे त्यातूनच.

आधी जुलाब, उलट्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या नाहीत ना, ते बघा. पाणी कमी झालं तरी आकडा फुगतो. दुसऱ्या तपासणीतही ५८ च आला तर रक्ततज्ज्ञ ऑक्सिजनची पातळी, तांबड्या पेशी बनवायला लावणारं संप्रेरक एरिथ्रोपोएटिन आणि जॅक-२ या जनुकातला बदल तपासतात. पॉलिसायथेमिया व्हेरा, म्हणजे अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बेसुमार बनण्याचा आजार निघाला तर टप्प्याटप्प्याने रक्त काढून आकडा ४५ च्या खाली ठेवतात. अचानक बोलणं अडखळलं, हात लुळा पडला किंवा छातीत दुखलं, तर थेट इमर्जन्सीत न्या.