शाळेतून फोन आला की साहेबांना काय सांगावे

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

खानापूरच्या शाळेतून दुपारी अचानक फोन आला, तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यातून कसे निघावे, असे तू विचारले आहेस. समज, तुझा मुलगा पडला आणि त्याच्या डोक्याला मार लागला. फोन ठेवण्यापूर्वी गुरुजींना एवढेच विचार : मूल शुद्धीवर आहे का, उलटी झाली का, त्याच्याजवळ कोण आहे. पुन्हा पुन्हा उलट्या होत असतील किंवा ते झोपाळल्यासारखे वाटत असेल, तर तुझी वाट न पाहता १०८ ला फोन करायला सांग, कारण तुला पोहोचायला पाऊण तास लागेल.

मग साहेबांकडे स्वतः जा. माझ्या मुलाच्या वेळी मी घाबरून आधी सगळी हकीगत सांगत बसलो आणि "निघू का?" हा प्रश्न शेवटी विचारला, तोवर साहेब मीटिंगला निघून गेले होते. त्यात दोष माझाच होता. म्हणून आधी कारण, लगेच वेळ आणि मग काम, या क्रमाने बोल : "साहेब, मुलाला शाळेत डोक्याला मार लागला आहे. मी दीडला निघतो, आज परत येणार नाही. मशीन शेजारच्या ऑपरेटरला समजावून दिली आहे." साहेब कन्नड बोलणारे असतील, तर "मगनिगे पेट्टागिदे सर, ईग होगबेकु" एवढेच म्हण; अशा वेळी व्याकरण कोणी तपासत नाही.

मशीन मध्येच सोडून जाऊ नकोस. चालू सायकल पूर्ण होऊ दे आणि जॉब कार्डावर लिही : ४० पैकी २३ नग झाले, शेवटच्या नगाचा बोअर ०.०२ मिलिमीटर मोठा आला. हे एक वाक्य लिहायचे राहिले, तर उरलेले १७ नग बाद होऊ शकतात आणि पुढच्या वेळी तुझी विनंती ऐकताना साहेबांना तेच आठवेल.

गेटपासवर साहेबांची सही आणि गेटवर बाहेर पडल्याची वेळ, या दोन्ही गोष्टी घेतल्याशिवाय पाऊल टाकू नकोस. नुसते तोंडी सांगून गेलास, तर हजेरीत सरळ अर्धा दिवस गैरहजर लागण्याची शक्यता असते. पगार मात्र जेवढा वेळ गैरहजर, तेवढ्याच प्रमाणात कापता येतो : आठ तासांच्या पाळीचा रोज ८०० रुपये असेल आणि तीन तास बाकी असताना तू निघालास, तर ३०० रुपये. त्यापेक्षा जास्त कापले गेले, तर त्या पासची प्रत उपयोगी पडते, म्हणून तिचा मोबाईलवर फोटो काढून ठेव.

दवाखान्यातून संध्याकाळी सहाच्या आत साहेबांना कळव की उद्या येणार की नाही. दुसऱ्या दिवशीची माणसे ते साधारण त्याच वेळी ठरवतात.

तुझा,
काका