कर्ममेळ्याचा अभंग शेवटी शरण जातो का?

प्रश्न: संतांच्या अभंगात देवाला दुःखाचा जाब विचारलेला दिसतो, पण शेवटी सगळे शरणच जातात ना? की कुणी भांडणावरच थांबलंय?

हो, थांबलंय. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. त्याचा हा अभंग एकदा मोठ्यानं वाचा:

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खाता । लाज न ये तुमचे चित्ता ॥
आमचे घरीं भात दही । खावोनि कैसा म्हणसी नाही ॥
म्हणे चोखियाचा कर्ममेळा । कासया जन्म दिला मला ॥

माझ्या मते सगळी धार तिसऱ्या कडव्यात आहे. विठोबा चोखोबांच्या घरी जेवला, ही वारकऱ्यांची श्रद्धा. कर्ममेळ्यानं तिचीच साक्ष काढली आहे. आमच्या ताटात जेवलास, मग आता नाही कसं म्हणतोस? देव नाही असं वाटणारा माणूस असं बोलूच शकत नाही. म्हणून याला मी शंका म्हणणार नाही. घरी जेवून गेलेला ओळख विसरला, त्याच्याशी चाललेलं हे भांडण आहे. त्यात उष्टं खाण्यात गेलेला जन्म आधीच्याच कडव्यात आहे, म्हणून हा दहीभात जास्तच बोचतो.

आता वडिलांचा एक अभंग शेजारी ठेवा. चोखोबा म्हणतात, पूर्वजन्मी निळाच्या अवतारात कृष्णनिंदा घडली, म्हणून हा जन्म मिळाला. आणि शेवट करतात, 'चोखा म्हणे विटाळ। आम्हां पूर्वीचें हें फळ'. दुःखाला कारण सापडलं, प्रश्न मिटला. हा स्वीकार, आणि तो वाचताना मला सहन होत नाही. मुलाच्या अभंगात मात्र पूर्वजन्माचं नावही नाही. वडिलांनी जिथे 'फळ' म्हटलं, तिथे त्यानं 'कासया' विचारलं, म्हणजे कशाला?

असा अभंग तपासताना नाममुद्रेचं कडवं नीट बघायचं. 'म्हणे'च्या पुढे विधान आहे, विनवणी आहे की प्रश्न? इथे नुसता प्रश्न आहे. देवाचं उत्तर अभंगात कुठेच नाही.

एक सांभाळायला हवं. वडील शरण गेले आणि मुलानं बंड केलं, अशी सरळ गोष्ट रचू नका. चोखोबांनीही 'हीन याति माझी देवा । कैसी घडे तुझी सेवा' असं विचारलंच आहे. शिवाय अभंगांवर तारखा नसतात, त्यामुळे आधी शंका आणि मग समाधान असा प्रवासही त्यातून काढता येत नाही.

आमच्या भजनात पहिलं कडवं ध्रुपद म्हणून धरतात. 'कासया जन्म दिला मला' म्हणून झालं की टाळ थांबत नाहीत, सगळे पुन्हा 'तुज कां न कळे श्रीपती'वर येतात.