‘प्लीज डू द नीडफुल’ लिहिणं चूक आहे का?

माझ्या वडोदऱ्याच्या ऑफिसमध्ये रोज मेलच्या शेवटी हे वाक्य असतं. नवे साहेब म्हणतात, हे चुकीचं इंग्रजी. खरंच?

उत्तर:

व्याकरण बरोबर आहे. ‘नीडफुल’ हे विशेषण. आधी ‘द’ लागला की ‘जे आवश्यक ते’ असं नाम होतं, जसं ‘द पुअर’ म्हणजे गरीब लोक. हा प्रयोग ब्रिटिशांचाच, पण तिकडे आता जुनाट वाटतो. आपल्याकडे सर्रास चालतो. आपल्या ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’चा तो सख्खा भाऊ. याउलट ‘डिस्कस अबाउट’ मात्र खरंच चूक, कारण ‘डिस्कस’ला थेट कर्म लागतं.

अडचण अर्थाची आहे. मी मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात खरेदी विभागात होतो. पुरवठादाराला ऑर्डरची प्रत पाठवून खाली हेच वाक्य लिहिलं. मला माल कधी निघेल ती तारीख हवी होती. त्यांनी ‘ऑर्डर मिळाली’ एवढं कळवलं आणि त्यांच्या दृष्टीने आवश्यक ते झालं! दोन दिवस वाया गेले. तेव्हापासून मी लिहितो: ‘प्लीज कन्फर्म द डिस्पॅच डेट बाय थर्सडे.’

रोजच्या ओळखीच्या कामात, म्हणजे रजेचा अर्ज किंवा ठरलेलं बिल असेल, तर भारतातल्या माणसाला ते खुशाल लिहा. परदेशी ग्राहकाला टाळा. तिथे ते जुनाट वाटतं, कधी हुकूम सोडल्यासारखंही.